उलटबांसी उकलावी कशी: समुद्राला लागलेल्या आगीवर एक सराव

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी दर एकादशीला रात्री भजन असते. दोन अभंगांच्या मध्ये, टाळ जरा विसावले की कोणीतरी उंच सुरात एखादा दोहा किंवा साखी म्हणतो आणि मग पुढचा अभंग उचलला जातो. मी अनेक वर्षे कबीरांची ही साखी म्हणत आलो:

समंदर लागी आगि, नदियां जलि कोइला भई।
देखि कबीरा जागि, मंछी रूखां चढ़ि गई॥

अर्थही सांगत असे. समुद्र म्हणजे संसार, आग म्हणजे दुःख, मासा म्हणजे जीव आणि झाड म्हणजे पांडुरंगाचे पाय. ऐकणारे माना डोलावत. एका वर्षी हरिनाम सप्ताहाला शेजारच्या गावाहून एक वृद्ध वारकरी आले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. भजन संपल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "गळा चांगला आहे तुझा. पण बाळ, संसारात दुःखाची आग लागली, यात उलटे ते काय? ती तर रोजच लागलेली असते. आणि नद्यांचा कोळसा झाला म्हणतोस, मग मासा का जळला नाही, ते राहिलेच की."

माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे काही वर्षे या दोन ओळींभोवती फिरताना जी रीत सापडली, ती नव्याने उलटबांसी वाचू लागलेल्यांसाठी येथे क्रमाने देत आहे. उलटबांसी म्हणजे जगाच्या रीतीच्या उलट घडणारे, अशक्य वाटणारे चित्र मांडून अध्यात्माची गोष्ट सांगणारी रचना. हिंदी संतांमध्ये कबीरांच्या नावावर अशा रचना फार आहेत. मराठीत आपण त्यांना कूट म्हणतो, आणि आपल्या सीमाभागात कन्नड तत्त्वपदांतूनही हीच तऱ्हा कानावर पडते. मी मुख्य सराव वरच्या एकाच साखीवर करणार आहे, कारण एक रचना तळापर्यंत नेली की दुसरीत हात कसा घालावा हे आपोआप समजते.

सुरुवातीआधी: जवळ काय असावे

- रचनेचा छापील पाठ. कबीरांसाठी श्यामसुंदर दास यांनी संपादित केलेली आणि १९२८ साली प्रसिद्ध झालेली 'कबीर ग्रंथावली' मी वापरतो. वरची साखी तिच्यात आहे. एकनाथांसाठी त्यांच्या अभंगांची कोणतीही गाथा चालेल.
- जुन्या हिंदीचा एखादा शब्दकोश, किंवा तो जवळ नसल्यास ग्रंथावलीतल्या तळटिपा.
- एक कोरी वही, जिच्यात प्रत्येक रचनेला स्वतंत्र पान द्यायचे.
- कन्नड पदांसाठी, कन्नड ज्याची घरची भाषा आहे असा शेजारी. आपल्याला बाजारापुरते कन्नड येते. पदापुरते ते येतेच असे नाही.

प्रतीकांचे अर्थ छापलेली तयार यादी मात्र जवळ ठेवू नये. का, ते पुढे येईल.

१. आधी अक्षरार्थ लिहून काढा

सुरुवातीला अध्यात्म बाजूला ठेवा आणि साध्या मराठीत, शब्दाला शब्द लावून, जे चित्र दिसते तेवढेच लिहा. आपल्या साखीचा अक्षरार्थ असा: समुद्राला आग लागली, नद्या जळून कोळसा झाल्या, कबीरा, जागा होऊन पाहा, मासा झाडावर चढून गेला.

हे सोपे वाटते, पण आमच्या भजनात पहिली ठेच येथेच लागते. 'मंछी' या शब्दाला एकाने सरळ 'माशी' करून टाकले होते आणि माशी झाडावर बसली, यात नवल ते काय, असे त्याला वाटत असे. मंछी म्हणजे मासळी. गोंधळ वाढण्याचे आणखी एक कारण असे की त्याच बैठकीत आम्ही मुक्ताबाईंचा 'मुंगी उडाली आकाशी' हा अभंग म्हणतो आणि त्यात 'माशी व्याली घार झाली' अशी ओळ येते. तेथे माशी खरोखरच माशी आहे. 'रूख' म्हणजे झाड, 'सलिता' म्हणजे सरिता, 'दौं' म्हणजे वणवा, एवढे शब्द पुढे लागतील म्हणून आताच टिपून ठेवा.

पाठभेदाचीही येथेच सवय करून घ्यावी. कबीरांच्या रचना कबीरपंथीयांचे बीजक, शिखांचा गुरु ग्रंथ साहिब आणि राजस्थानातली दादूपंथी हस्तलिखिते अशा तीन वाटांनी आपल्यापर्यंत आल्या, आणि तिन्हींतले शब्द सारखे नाहीत. पाण्याला 'पाणी' आणि जळालेल्याला 'दाधा' म्हणणारा राजस्थानी सूर ग्रंथावलीत का ऐकू येतो, याचे कारण हे आहे. तोंडी परंपरेत तर प्रत्येक मंडळाचा आपला पाठ असतो. तो चुकीचा ठरवण्याची गरज नाही. मात्र अर्थ लावायला बसताना कोणता पाठ समोर ठेवला आहे, हे पानाच्या वर लिहून ठेवावे, कारण क्रियापद बदलले की अर्थ हलतो.

२. जगाची सरळ रीत लिहा, मग नेमके काय उलटले ते शोधा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि थेट 'समुद्र म्हणजे काय' या प्रश्नावर उडी मारतात. माझी चूक हीच होती. उलटबांसीत नामांपेक्षा त्यांच्यातले नाते महत्त्वाचे असते: कोण कोणाला खातो, कोण कोणात राहतो, कोण कोणाकडे वाहतो. म्हणून वहीच्या पानावर उभी रेघ मारावी आणि डावीकडे जगाची रीत लिहून उजवीकडे साखीतली रीत लिहावी.

आपल्या साखीत तीन नाती सापडतात. पहिले असे की पाणी आगीला विझवते, पण येथे आगीने पाणी पेटवले आहे. दुसरे थोडे लपलेले आहे. नदी समुद्राकडे वाहते. आमच्या तालुक्यात कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा खाली कूडलसंगमाला कृष्णेला मिळते आणि पुढे कृष्णेबरोबर समुद्राला जाते; समुद्रातली कोणतीही गोष्ट उलट चालून कणकुंबीपर्यंत येत नाही. साखीत मात्र आग आधी समुद्राला लागली आहे आणि मग नद्या जळाल्या आहेत. म्हणजे जेथे सगळे जाऊन मिळते तेथे काहीतरी घडले आणि त्याची झळ प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढत गेली. तिसरे नाते माशाचे. मासा पाण्याबाहेर मरतो, आणि येथे तो पाण्याबाहेर पडला म्हणूनच जिवंत आहे.

आता आबांचा प्रश्न पुन्हा वाचा. समुद्र जळाला, नद्यांचा कोळसा झाला, मासा जळला नाही. या तिघांपैकी एकाची गत वेगळी झाली आहे आणि रचनेची गाठ तेथेच आहे. जो अर्थ या फरकाचे कारण सांगू शकत नाही, तो ऐकायला कितीही गोड असला तरी या साखीचा अर्थ नव्हे.

३. ओळ खरोखर उलटी आहे का, हेही तपासा

दुसऱ्या पायरीची चटक लागली की माणसाला प्रत्येक ओळ उलटी दिसू लागते. एकनाथांचा (१५३३–१५९९) एक प्रसिद्ध अभंग असा सुरू होतो: 'नाथाच्या घरची उलटी खूण, पाण्याला लागली मोठी तहान'. तहान भागवणाऱ्यालाच तहान लागली, ही ओळ उलटी आहे हे उघड आहे. पण पुढे येते: 'आंत घागर बाहेर पाणी, पाण्याला पाणी आले मिळोनी'. घागरीत पाणी असायचे, ते बाहेर आणि घागर आत, म्हणून मी तीही अशक्य गोष्टींच्या रकान्यात लिहिली होती.

मग एकदा आमच्या परसातल्या विहिरीवर उभा असताना पाहिले. दोर सोडला की घागर आधी पाण्यावर आडवी तरंगते, दोराला हिसका दिला की तोंड खाली करते, गुडगुड आवाज करीत भरते आणि मग पाण्याखाली दिसेनाशी होते. त्या क्षणी घागर आत असते, बाहेर पाणी असते आणि घागरीत शिरलेले पाणी विहिरीच्याच पाण्याला मिळालेले असते. ओळीत अशक्य असे काहीच नाही. काठावर घागर डोक्यावर घेऊन उभे राहणाऱ्याला ती उलटी वाटते, एवढेच. कबीरांचेही 'जल में कुंभ, कुंभ में जल है, बाहर भीतर पानी' असे वचन प्रचलित आहे आणि ते याच जागेवरून पाहिलेले आहे: मधली मातीची भिंत सोडली तर आतले आणि बाहेरचे पाणी वेगळे नाही.

म्हणून प्रत्येक ओळीपुढे एक खूण करावी. खरोखर अशक्य असेल तर फुली, आणि अशक्य नसून पाहण्याची जागा बदललेली असेल तर गोल. फुलीच्या ओळीत नाते उलटवून पाहायचे असते. गोलाच्या ओळीत पाहणारा कोठे उभा आहे, हे शोधायचे असते.

४. किल्ली त्याच कवीच्या सरळ ओळींत शोधा

आता प्रतीकांकडे वळता येईल. येथे प्रतीकांची छापील यादी हा मोठा सापळा ठरतो. माझ्याकडे अशी एक वही होती. तिच्यात सिंह म्हणजे मन, गाय म्हणजे इंद्रिये, मांजर म्हणजे माया, मासा म्हणजे कधी जीव तर कधी कुंडलिनी, असे सगळे उतरवलेले होते. अशा यादीने कोणत्याही ओळीला काहीतरी अर्थ चिकटवता येतो आणि तोच तिचा दोष आहे. कबीरांच्या एका पदात 'ठाढ़ा सिंह चरावै गाई' अशी ओळ आहे. यादीतून उत्तर आले, 'मन इंद्रियांना चारते'. मग त्यात विशेष ते काय, मन तर नेहमीच इंद्रियांना चारत असते. नात्याकडे पाहिले की ओळ उघडते: जो गाईला खायचा, तो आता तिचा गुराखी झाला आहे. बळ तेच, काम बदलले. सिंहाला नाव कोणते द्यायचे हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

किल्ली कवी बहुधा जवळच ठेवतो. ग्रंथावलीत साख्या विषयवार अंगांत लावलेल्या आहेत आणि आपली साखी ज्या अंगात आहे त्याचे नावच 'ग्यान बिरह कौ अंग' आहे. म्हणजे विषय ज्ञानातून उठलेल्या विरहाचा आहे, संसारदुःखाचा नाही. माझा जुना अर्थ येथेच अर्धा कोसळला. केवळ शीर्षकावर मात्र विसंबू नये, कारण अंगांची मांडणी संग्राहकांची असते. त्या अंगातल्या बाकीच्या साख्या वाचाव्या. त्यांतली एक अगदी सरळ आहे:

हिरदा भीतरि दौं बलै, धूवां न प्रगट होइ।
जाके लागी सो लखै, कै जिहि लाई सोइ॥

हृदयात वणवा पेटला आहे आणि धूर दिसत नाही. ज्याला लागली त्याला कळते, किंवा ज्याने लावली त्याला. यातून तीन गोष्टी एकदम हाती येतात. आग आत आहे, ती बाहेरून दिसत नाही, आणि ती आपोआप लागलेली नाही, कोणीतरी लावलेली आहे. याच अंगातली 'गुर दाधा चेला जल्या' ही साखी लावणारा कोण ते सांगते: गुरूने चेतवले आणि चेला विरहाच्या आगीत जळाला. त्याच साखीत पुढे म्हटले आहे की बिचारी काडी तेवढी वाचली, कारण ती पूर्णाच्या गळ्याला लागली होती. सगळ्यांत आधी जळणारी वस्तूच वाचते, हे लक्षात ठेवा. माशाशी तिचे नाते आहे.

तिसरी साखी आपल्या साखीची सख्खी बहीण म्हणावी अशी आहे:

पाणीं मांहैं प्रजली, भई अप्रबल आगि।
बहती सलिता रहि गई, मंछ रहे जल त्यागि॥

पाण्यातच आग भडकली, वाहती नदी थांबून राहिली, माशांनी पाणी सोडले. 'नद्या जळून कोळसा झाल्या' या चित्राचा खुलासा येथे 'वाहती नदी थांबली' असा मिळतो. नदीचे जळणे म्हणजे तिचे वाहणे बंद होणे. किल्ली सापडली म्हणतात ती अशी: दुसऱ्या कोणा टीकाकाराने सांगितलेली नव्हे, तर त्याच कवीने चार ओळी अलीकडे-पलीकडे ठेवलेली.

५. अर्थ बसवा आणि घासून पाहा

आता साखी जुळवू. समुद्र म्हणजे अंतःकरण, जेथे पाहिलेले, ऐकलेले, हवे-नको असे सगळे येऊन मिळते. नद्या म्हणजे बाहेरून आत आणि आतून बाहेर सतत वाहणाऱ्या वृत्ती, इंद्रियांच्या वाटा. आग म्हणजे गुरूच्या शब्दाने लागलेली ज्ञानाची आणि विरहाची झळ. ती तळाशी लागते आणि मग वर चढत प्रवाह एकेक करून बंद पाडते. मासा म्हणजे या पाण्यालाच आपले जगणे समजणारा जीव. पाणी गेले तेव्हा मरण्याऐवजी त्याला कळले की आपण पाण्याचे नव्हतोच, आणि तो वर चढला. जे जळण्यासारखे होते ते जळाले. मासा त्यात धरलेला नव्हता, म्हणून वाचला. आबांच्या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

एवढ्यावर थांबू नका, अर्थ दोन प्रश्नांवर घासा. पहिला: या अर्थात उलटेपणाची गरज उरली आहे का? माझ्या जुन्या अर्थात संसार दुःखाने जळत होता आणि ते सांगायला समुद्र पेटवण्याचे कारण नव्हते, कोरडे रान पुरले असते. नव्या अर्थात पाणीच पेटावे लागते, कारण जे आजवर ही आग विझवत आले तेच आता तिचे जळण झाले आहे. दुसरा प्रश्न: प्रत्येक क्रियापदाला अर्थ मिळाला का? लागली, जळून कोळसा झाल्या, जाग, पाहा, चढून गेली. 'जाग' या शब्दाकडे मी कित्येक वर्षे पाहिलेच नव्हते. आग लागली की माणूस 'पळा' किंवा 'विझवा' म्हणून ओरडतो. कबीर स्वतःला 'जागा होऊन पाहा' म्हणतात. आग संकट असती तर हा शब्द येथे बसला नसता.

अर्थ किती ताणावा याला सीमा आहे आणि ती झाडापाशी येते. योगमार्गाचे लोक झाड म्हणजे मेरुदंड आणि त्याचा शेंडा म्हणजे सहस्रार मानतात, वेदान्ती ब्रह्मपद म्हणतात, आणि मी पांडुरंगाचे पाय म्हणत होतो. साखीच्या शब्दांत फक्त एवढे आहे की झाड पाण्याबाहेर आहे आणि वर आहे. कबीरांच्या बोलीत नाथपंथाची परिभाषा आहे, म्हणून योगाचा अर्थ निराधार नाही. पण या दोन ओळी त्याचा आग्रह धरीत नाहीत. भजनात मी आता 'पाण्याच्या वरची जागा' एवढेच सांगतो.

६. शेवटचा चरण वेगळा वाचा

शेवटी कवी बहुधा स्वतः चित्रात येतो आणि तेथे चित्राचे सूत्र सापडते. वरच्या साखीत 'देखि कबीरा' हे संबोधन आहे. एकनाथांच्या अभंगात शेवटी येते, 'एका जनार्दनी मार्ग उलटा, जो जाणे तो गुरूचा बेटा'. म्हणजे उलटी आहे ती वाट. हे हाती घेऊन त्याच अभंगातली 'वळचणीचे पाणी आढ्या लागले' ही ओळ वाचा. खानापूरकडच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. आषाढात कौलांवर पाऊस कोसळतो, आढ्यापासून दोन्ही बाजूंना नळ्यांतून खाली धावतो आणि वळचणीला त्याच्या धारा लागतात. त्या धारांनी परत कौलांवर चढून आढे गाठावे, असे नाथ म्हणतात. जेथून निघाले तेथे परत. कबीरांच्या साखीत आग समुद्राकडून नद्यांकडे गेली होती, येथे पाणी वळचणीकडून आढ्याकडे जाते. साधने निराळी आहेत, दिशा प्रवाहाविरुद्ध आहे. मात्र यावरून 'पाणी म्हणजे नेहमी वृत्ती' असे वहीत लिहिलेत तर पुन्हा त्या यादीच्या सापळ्यात पडाल, कारण याच अभंगात तहानलेले पाणी वेगळे आहे आणि घागरीबाहेरचे पाणी वेगळे आहे.

शेवटच्या चरणाचा उत्तम नमुना मला कन्नडमध्ये मिळाला. हावेरी जिल्ह्यातल्या शिशुनाळचे संत शरीफ (१८१९–१८८९) यांचे 'कोडगन कोळि नुंगित्त' हे पद आपल्या भागात सर्वांनी कोठे ना कोठे ऐकलेले असते. कोंबडीने माकड गिळले, असा त्याचा अर्थ. पुढे गिळण्याची रांगच लागते: शेळी हत्तीला गिळते, भिंत चुन्याला गिळते, नाचायला आलेल्या नर्तकीला मृदंग गिळतो. मी हे सगळे फुलीच्या रकान्यात लिहिले. माझ्या वहीवर नजर टाकून आमचे कन्नड शेजारी अण्णा हसले आणि म्हणाले, "भिंतीला चुना लावलाय का कधी? पहिला हात गिळतेच की ती." खरेच आहे. कोरडी भिंत पहिला हात पिऊन टाकते आणि दुसरा हात द्यावा लागतो. तेव्हा तिसऱ्या पायरीची खूण पुन्हा लावली. शेळी आणि हत्ती, फुली. भिंत आणि चुना, गोल. शेवटच्या कडव्यात डोंगर गुहेला गिळतो, गुहा मुंगीला गिळते. ही दोन्ही रोज दिसणारी दृश्ये आहेत. आणि त्यानंतर: गोविंदगुरूंच्या पायांनी मला गिळले. गोविंद भट्ट हे शरीफांचे गुरू.

अशक्यापासून सुरू झालेली रांग शेवटी डोंगराने गुहा पोटात घ्यावी इतक्या सहज गोष्टीवर येऊन थांबते आणि गुरूने शिष्याला गिळणे त्या सहज गोष्टींच्या शेजारी बसते. पद उलटे वाचत आलात तर कोंबडी आणि माकड यांच्या अर्थासाठी वेगळी यादी लागत नाही. लहानाने मोठ्याला गिळण्याचे नवल ऐकत आलेल्या आपल्याला शेवटी कळते की मोठ्याने लहानाला गिळले, आणि तो लहान म्हणजे 'मी'.

७. आता स्वतः करून पाहा

पहिल्या सरावासाठी एकनाथांच्या त्याच अभंगातली ही ओळ घ्या: 'शेतकऱ्याने शेत पेरिले, राखणदाराला तेणे गिळिले'. अक्षरार्थ सोपा आहे, पण 'तेणे' म्हणजे कोणी, शेतकऱ्याने की शेताने, हे आधी ठरवा, कारण त्यावर नाते बदलते. सरळ रीत अशी की राखणदार शेत राखतो आणि शेत पिकून घराला खायला देते. फुली की गोल, ते ठरवा. मग शेवटच्या चरणातली उलटी वाट हाती घेऊन परत या.

या ओळीवर माझे पान भरले आहे. तिच्या पुढच्या 'हंडी खादली भात टाकिला' या ओळीचे पान अजून डावीकडेच भरले आहे: भात खातात, हंडी ठेवतात. उजवीकडे मी तीन वेळा लिहून तीन वेळा खोडले आहे.